शेजारी वाढीव मजला चढवतोय: तारखेचे फोटो, मंजूर नकाशा आणि मनपाची तक्रार

शेजारच्या बंगल्यावर अचानक सळ्या उभ्या राहिल्या, विटांचा ट्रक आला, की बहुतेक लोक मोबाईलवर चार फोटो काढतात आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकतात. मग चर्चा होते, कोणीतरी म्हणतं "बोलून बघा आधी", बोलणं होतं, शेजारी म्हणतो परवानगी आहे आमच्याकडे, आणि तोवर स्लॅब भरून मोकळा. तक्रार जाते तेव्हा वर भाडेकरू राहायला आलेला असतो. ही तक्रार कधी करायची आणि फोटोचा नेमका उपयोग कुठे होतो हे समजलं तर पुढचं बरंच सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, नाशिकच्या हिशोबाने.

पहिली गोष्ट, फोटो एकटा कधीच सिद्ध करत नाही की मजला बेकायदा आहे. फोटोत दिसतं की अमुक तारखेला तिथे अमुक बांधकाम होतं, बस. बेकायदा ठरतं ते मंजूर नकाशाशी ताडून. कागदावर तळमजला अधिक एक असं मंजूर असेल आणि जागेवर दुसऱ्या मजल्याचे कॉलम उभे असतील तर तो फरक म्हणजे तुमची केस. आणि हे पण खरं आहे की कधीकधी शेजारी खरं बोलत असतो. आपल्याकडे ३ डिसेंबर २०२० पासून राज्याची एकत्रिकृत बांधकाम नियमावली लागू आहे, लोक तिला युडीसीपीआर म्हणतात, त्यात प्रीमियम भरून जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटवर जास्त बांधायची मुभा, घेता येतो, टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकाम हक्क, वापरता येतो, आणि जुन्या एक मजली बंगल्यावर रीतसर सुधारित नकाशा मंजूर करून अजून मजले चढवणारे लोक नाशिकमध्ये भरपूर आहेत. त्यामुळे आपल्या डोळ्याला "जास्तीचा" दिसणारा मजला कागदावर मंजूर असू शकतो. छोट्या प्लॉटचं तर अजून वेगळं आहे, १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला नेहमीसारखी परवानगीची वाट बघावी लागत नाही, आर्किटेक्टच्या सहीचे नकाशे दाखल करायचे, पैसे भरायचे आणि काम सुरू करायचं अशी सोय आहे. पण तिथेही नकाशा दाखल असतोच आणि नियमात बसावाच लागतो, म्हणजे ताडून बघायला कागद आहेच.

आता एक उदाहरण घेऊ. समजा पंचवटीत मखमलाबाद रोडच्या एका कॉलनीत एक काकू राहतात, शेजारी दोनशे चौरस मीटरचा प्लॉट, त्यावर तळमजला आणि पहिला मजला असा बंगला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गच्चीवरचा पॅरापेट फोडला आणि शनिवारी १० तारखेला काकूंना कॉलमच्या सळ्या वर आलेल्या दिसल्या. भिंतीला भिंत नाहीये, मध्ये साइड मार्जिन म्हणजे बाजूला सोडायची मोकळी जागा आहे, पण नव्या मजल्याचा सज्जा काढायला जी सेंट्रिंगची फळी बाहेर आलीये ती जवळजवळ काकूंच्या कंपाउंडच्या वर आहे. म्हणजे इथे दोन तक्रारी आहेत, एक मजला आणि दुसरी मार्जिन. लोक फक्त मजला लिहितात आणि मार्जिन विसरतात. खरं तर मजला उद्या पैसे भरून नियमित होऊ शकतो, मार्जिन खाल्लेलं असेल तर ते नियमात बसवणं बरंच अवघड जातं, त्यामुळे मोकळ्या जागेचा फोटो मजल्याच्या फोटोइतकाच महत्त्वाचा.

फोटो कसा काढायचा याला थोडा वेळ देतो कारण इथेच जास्त नुकसान होतं. काकूंनी स्वतःच्या गच्चीच्या मागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीशेजारी एक जागा ठरवली आणि दर वेळी तिथूनच फोटो घेतला, फ्रेममध्ये स्वतःच्या टाकीची कडा आणि रस्त्यावरचा विजेचा खांब दोन्ही येतील असा. हे दोन ठरलेले खुणेचे दगड असले की जानेवारीचा आणि फेब्रुवारीचा फोटो शेजारी ठेवल्यावर काय वाढलं ते बघणाऱ्याला लगेच कळतं. वेगवेगळ्या कोनातून काढलेल्या पन्नास फोटोंपेक्षा एकाच जागेवरून काढलेले सहा फोटो जास्त कामाचे. शिवाय एक फोटो रस्त्यावरून समोरचा, ज्यात तळापासून सगळे मजले एकाखाली एक मोजता येतील, आणि एक घराचा नंबर किंवा कॉलनीची पाटी दिसेल असा, नाहीतर साहेब विचारतात की हा बंगला नक्की तोच कशावरून.

तारखेचं काय, तर फोटोवर तारीख आणि लोकेशन छापणारी ॲप्स मिळतात, ती वापरा, साहेबांना कागदावर बघायला सोयीचं पडतं. पण ती छापलेली तारीख म्हणजे पक्का पुरावा नाही, फोनची तारीख बदलली की छापली जाणारी तारीखही बदलू शकते हे समोरच्या वकिलाला चांगलं माहीत असतं. म्हणून मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवायची, क्रॉप नाही, फिल्टर नाही, एडिट नाही. मूळ फाइलच्या आत कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली वेळ असते, आणि व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती माहिती निघून जाते आणि फोटो दाबून छोटा होतो, म्हणजे ग्रुपवरून परत डाउनलोड केलेला फोटो हा सगळ्यात कच्चा. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे काढल्या दिवशीच स्वतःच्याच ईमेलवर टाकून द्या, मग ती फाइल त्या दिवशी अस्तित्वात होती याला ईमेलची तारीख साक्षीला राहते, आणि ती तारीख आपल्या फोनवरून बदलता येत नाही. पुढे प्रकरण कोर्टात गेलंच तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल फोटोसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते तयार करायला वकील मदत करतात, पण त्यासाठी मूळ फाइल आणि शक्यतो तो फोन जपलेला हवा. मनपाच्या तक्रारीला हे प्रमाणपत्र लागत नाही.

आणि बांधकाम स्वतःच तारीख सांगत असतं, ते बघायला शिका. स्लॅब भरला की त्यावर सिमेंट वाळूचे छोटे बांध घालून चौकोन करतात आणि त्यात पाणी साठवतात, क्युरिंगसाठी, गच्चीवरून बघितलं तर छोटी छोटी तळी दिसतात. ती दिसली म्हणजे स्लॅब ताजा आहे. खालचे टेकू अजून उभे असतील तरी तेच, कारण छोट्या गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर कमी असलेल्या, स्लॅबचे टेकू निदान आठवडाभर आणि साडेचार मीटरच्या वरच्या गाळ्याचे दोन आठवडे ठेवायचे असतात. उद्या शेजारी म्हणाला की हा स्लॅब तर दोन वर्षांपूर्वीचा आहे, तर पाण्याची तळी आणि टेकू असलेला एकच फोटो त्याला उत्तर आहे. फोटो आपल्या गच्चीवरून किंवा रस्त्यावरून घ्यायचा, त्यांच्या आवारात पाय टाकायचा नाही, खिडक्या आणि घरातली माणसं फ्रेममध्ये घ्यायची नाहीत. उगाच उलटी तक्रार ओढवून घेऊ नका.

आता कागद. साइटवर सहसा परवानगीचा नंबर, आर्किटेक्टचं नाव असलेला बोर्ड लावतात, तो असेल तर त्याचा फोटो आधी, आणि नसेल तर तक्रारीत लिहा की बोर्ड नाही. मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात नगररचना विभागाकडे मागायची, अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस. मालकाला त्रयस्थ म्हणून विचारणा झाली तर थोडं जास्त लागतं. मागताना "सर्व माहिती द्या" असं लिहू नका. सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर टाकून लिहा की बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, सुधारित नकाशा असल्यास तो, आणि भोगवटा दाखला यांच्या प्रती हव्यात, आणि असा कोणताही सुधारित नकाशा मंजूर नसेल तर तसं कळवावं. नकाशा मंजूर नाही हे मनपाच्या लेटरहेडवर आलं की अर्धं काम झालं. पण, आणि हा पण मोठा आहे, या तीस दिवसांची वाट बघत तक्रार अडवून ठेवायची नाही. तीस दिवसांत स्लॅब होतो. अर्ज आणि तक्रार एकाच दिवशी टाका.

तक्रार कोणाकडे? मनपा हद्दीत असेल तर आयुक्तांच्या नावे अर्ज, प्रत नगररचना विभागाला आणि प्रत तुमच्या विभागीय कार्यालयाला. नाशिक मनपाचे सहा विभाग आहेत, पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक म्हणजे सिडको, सातपूर आणि नाशिकरोड, आणि जागेवर यायचं काम बहुतेक विभागीय कार्यालयातली माणसं करतात. मुख्यालय राजीव गांधी भवन, शरणपूर रोड. पण आधी हद्द बघा. देवळाली कॅम्पला कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीतल्या प्लॉटला एमआयडीसी स्वतःच परवानगी देते, आणि शहराबाहेरच्या बऱ्याच गावांना महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. चुकीच्या टेबलावर दिलेला अर्ज "आमच्या हद्दीत नाही" एवढं एक वाक्य लिहून महिन्याने परत येतो आणि तोवर विटा चढलेल्या असतात.

अर्जात भाषण नको. काकूंचा अर्ज एका पानाचा होता, त्यात प्लॉट नंबर, जागेची खूण, काय मंजूर असल्याचं दिसतं, काय बांधलं जातंय, आणि मग तारखांचा छोटा तक्ता, कोणत्या फोटोत काय दिसतंय. मागणी एकच आणि स्पष्ट लिहिली, जागेची पाहणी करून पंचनामा करावा, परवानगी नसल्यास काम थांबवण्याची नोटीस द्यावी. "पाडून टाका" ही पहिल्याच अर्जातली मागणी घाईची असते, कारण पाडण्याआधीच्या पायऱ्या कायद्याने ठरलेल्या आहेत आणि आज गरज काम थांबण्याची आहे. आवक शिक्का आणि नंबर असलेली आपली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. ॲपवर तक्रार टाकली तर टोकन नंबरचा स्क्रीनशॉट ठेवा, पण कागदी अर्ज पण द्याच, पुढच्या प्रत्येक पत्रात "दिनांक अमुकचा आवक क्रमांक तमुक" असं लिहिता येतं आणि फाइल त्यावरच चालते. जुन्या भांडणातलं काही, पार्किंग, कुत्रं, लाउडस्पीकर, यातलं काहीच अर्जात घालू नका, वाचणाऱ्याला लगेच वाटतं की हे वैयक्तिक आहे.

काकूंनी सोमवारी १२ तारखेला अर्ज दिला. कनिष्ठ अभियंता आले, जागा बघितली आणि काकूंना म्हणाले, "काकू, फोटो चांगले आहेत, पण आम्ही आलो तेव्हा कॉलमच आहेत, छत कुठे आहे, मजला झाला असं मी लिहू शकत नाही." काकू म्हणाल्या, "साहेब, तुम्ही आज जे आहे तेच लिहा ना, कॉलम किती, सळ्या किती फूट वर आल्यात, तारीख टाका. उद्या वाढलं तर कुठपासून वाढलं ते कळायला तरी पाहिजे." हे अगदी बरोबर उत्तर आहे. पंचनाम्यात "काम सुरू आहे, दुसऱ्या मजल्याचे आठ कॉलम" एवढं आलं तरी तो दिवस सरकारी कागदावर गोठला, आणि परवानगीशिवाय काम सुरू करणं हाच मुळात उल्लंघनाचा भाग आहे, छत पडायची वाट बघावी लागत नाही.

यानंतर ज्या नोटिसा निघतात त्या दोन कायद्यांखाली. एक महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९, त्याच्या कलम २६० मध्ये आयुक्त मालकाला विचारतात की हे बांधकाम का काढू नये याची कारणं दाखवा. दुसरा एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, त्यात कलम ५४ हे चालू काम थांबवण्याचं आणि कलम ५३ हे झालेलं काम काढून जागा पूर्ववत करण्याचं. म्हणजे काम चालू असताना ५४ हातात असतं, आणि काम पूर्ण झालं, लोक राहायला गेले, की फक्त लांबचा रस्ता उरतो. तक्रार लवकर करा असं सगळे सांगतात त्याच्यामागचं कारण हे आहे.

आणि इथे फोटोचा सगळ्यात मोठा उपयोग येतो जो लोक सोडून देतात. समजा मंगळवारी २० तारखेला काम थांबवायची नोटीस लागली. बहुतेक तक्रारदार इथे निश्चिंत होतात. आणि मग येतो जोडून सुट्टीचा शनिवार रविवार सोमवार, २६ जानेवारी, ऑफिस बंद, आणि रविवारी २५ तारखेला पहाटे मिक्सर येतो आणि संध्याकाळपर्यंत स्लॅब भरून होतो. असं करणारे लोक सुट्ट्या बघूनच सेंट्रिंग लावतात. काकूंकडे २० तारखेचा नोटिशीनंतरचा, २४ चा सेंट्रिंगचा आणि २५ चा काँक्रीट चढवणाऱ्या लिफ्टचा असे तीन फोटो त्याच टाकीशेजारून काढलेले होते. नोटीस मिळूनही काम चालू ठेवणं हा वेगळा गुन्हा आहे, रोजच्या दंडाची तरतूद आहे, आणि नोटिशीनंतर नवीन काम झालं हे सिद्ध करायला त्या तारखांपेक्षा चांगलं काही नाही. मंगळवारी ऑफिस उघडल्यावर काकूंनी नवीन अर्ज दिला, जुन्या आवक क्रमांकाचा हवाला देऊन, विषय फक्त "नोटिशीनंतर काम सुरू ठेवल्याबाबत". दुसरं काहीच नाही त्यात.

इथून पुढे धीर लागतो आणि का लागतो ते समजलं तर साहेबांवर उगाच संशय येत नाही. एमआरटीपीच्या कलम ५३ ची नोटीस मिळाल्यावर मालक तेच बांधकाम ठेवायची परवानगी मागायला अर्ज करू शकतो, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. म्हणून नोटीस लागल्याबरोबर आर्किटेक्टची फाइल नगररचनेत येते. ही लबाडी नाही, कायद्याने दिलेली संधी आहे. तक्रारदाराने इथे काय करायचं, तर त्या अर्जाची प्रत मागायची आणि नकाशात साइड मार्जिन किती दाखवलंय ते जागेवरच्या मार्जिनशी मोजून बघायचं. नकाशात दीड मीटर आणि जागेवर सज्ज्यासकट एक मीटर उरत असेल तर टेप लावलेला, आकडा वाचता येईल असा फोटो आपल्या कंपाउंडच्या बाजूने काढून लेखी हरकत द्यायची. नियमात बसणारा भाग मंजूर होईल, तो होऊ द्या, न बसणारा भाग काढावा लागेल.

पाडायची वेळ आली तरी एका रात्रीत होत नाही. सुप्रीम कोर्टाने १३ नोव्हेंबर २०२४ ला देशभरासाठी नियम घालून दिलेत, निदान पंधरा दिवसांची नोटीस, रजिस्टर पोस्टाने आणि जागेवर चिकटवून, सुनावणी, कारणं दिलेला आदेश, आणि आदेशानंतर परत पंधरा दिवस. रस्ता, फूटपाथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामाला ही सूट नाही, पण शेजारच्या खासगी बंगल्याला आहे. दुसऱ्या बाजूने त्याच कोर्टाने १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात हेही सांगितलंय की खूप वर्षं झाली, खूप पैसे घातले किंवा अधिकाऱ्यांनी उशीर केला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. म्हणजे पायऱ्या पूर्ण होऊ द्यायच्या, पण वेळ गेला म्हणून विषय संपला असं कोणी म्हणालं तर ते ऐकून घ्यायची गरज नाही.

अजून एक गोष्ट हमखास ऐकू येते. शेजारी घरपट्टीची पावती दाखवतो, बघा मनपाने वरच्या मजल्याची पट्टी लावलीये, म्हणजे मंजूर आहे. नाही. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ मध्ये बेकायदा बांधकामावर शास्ती लावायची तरतूद आहे आणि तिथेच लिहिलंय की ती भरली म्हणजे बांधकाम नियमित झालं असा अर्थ होत नाही. वीज मीटर आणि नळ कनेक्शनचंही तेच.

मालक नोटिशीविरुद्ध दिवाणी कोर्टात स्टे मागायला जाईल अशी चाहूल लागली तर वकिलाला विचारून कॅव्हेट दाखल करता येतं, ते नव्वद दिवस चालतं, म्हणजे तुमचं ऐकल्याशिवाय एकतर्फी आदेश होऊ नये म्हणून. तुमच्या उजेडावर, वाऱ्यावर, मार्जिनवर परिणाम होतोय हे त्यात दाखवावं लागतं, नुसतं "शेजारी आहे" पुरत नाही. आणि मनपाला दोन तीन लेखी अर्ज, माहिती अधिकाराचं उत्तर, पंचनामा, नोटीस हे सगळं असूनही पुढे काहीच होत नसेल तर मुंबई उच्च न्यायालयात रिट करता येते, नाशिकचं काम मुंबईच्या मुख्य पीठाकडे जातं. तिथे वकील पहिल्या भेटीत तुमच्याकडे मागतात ती गोष्ट म्हणजे तारखांची यादी, कोणत्या दिवशी काय दिसलं, कोणत्या दिवशी कोणाला लेखी दिलं, काय उत्तर आलं. काकूंच्या फाइलमध्ये डाव्या पानावर फोटो आणि उजव्या पानावर त्याच तारखेच्या आसपासचा आवक शिक्का असलेला अर्ज असं लावलेलं आहे, वकिलाने ती फाइल बघून विचारलं, "नोटीस २० तारखेची, आणि स्लॅब कोणत्या तारखेचा?" काकूंनी पान उलटून दाखवलं.